शिकागोहून निघालेला डबा लॉस एंजेलिसच्या गाडीला लागतो तेव्हा: ४२१ क्रमांकाच्या प्रवासाचे मार्गदर्शन

दौंडला गाडी तुटताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या लेखाचा विषय फारसा समजावून सांगावा लागणार नाही. काही वर्षांपूर्वीपर्यंत मुंबईहून रात्री सुटणारी पॅसेंजर दौंडपर्यंत एकसंध यायची आणि तिथे तिचे दोन भाग व्हायचे. शिर्डीचे डबे मनमाडच्या मार्गाला लागायचे आणि पंढरपूरचे किंवा विजापूरचे डबे कुर्डुवाडीकडे निघायचे. गाडी एकच असली तरी आपण कोणत्या डब्यात बसलो आहोत, यावर आपण विठोबाकडे जाणार की साईबाबांकडे, हे ठरत असे. भारतात असे डबे आता फारच थोडे उरले आहेत. अमेरिकेत मात्र ही पद्धत काही लांबच्या मार्गांवर अजून चालू आहे, आणि मुलांकडे आलेले अनेक मराठी आईवडील त्यातल्या एका मार्गावरच्या शहरांमधून प्रवास करतात. म्हणून त्या एका मार्गाची माहिती येथे सविस्तर देत आहे.

अॅमट्रॅक या अमेरिकेतल्या प्रवासी रेल्वे कंपनीची 'टेक्सास ईगल' ही गाडी शिकागोहून रोज सुटते आणि सेंट लुईस, लिटल रॉक, डॅलस, ऑस्टिन असे करत दुसऱ्या दिवशी रात्री दहाच्या सुमारास टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओला पोहोचते. तिथे तिचा प्रवास संपतो. 'सनसेट लिमिटेड' ही दुसरी गाडी न्यू ऑर्लिन्सहून आठवड्यातून तीनच दिवस निघते, मध्यरात्रीच्या सुमारास सॅन अँटोनिओला येते आणि पहाटे पावणेतीनच्या सुमारास लॉस एंजेलिसकडे रवाना होते. ज्या रात्री या दोन गाड्यांची गाठ पडते, त्या रात्री ईगलचे काही डबे, म्हणजे सहसा एक झोपण्याचा आणि एक बसण्याचा डबा, ईगलपासून काढून सनसेटला जोडले जातात. त्यातले प्रवासी जागेवरून न हलता लॉस एंजेलिसपर्यंत जातात. शिकागोपासूनचे हे अंतर सुमारे ४,३९० किलोमीटर आहे आणि वेळापत्रकाप्रमाणे त्याला साधारण ६६ तास लागतात.

अशा डब्याला भारतात पुष्कळदा 'स्लिप कोच' म्हणतात, पण तो शब्द इथे नेमका बसत नाही. मूळचा स्लिप कोच हा इंग्लंडमधला प्रकार होता. तिथे गाडी न थांबता धावत राहायची आणि शेवटचा डबा चालत्या गाडीतून सोडला जायचा. त्या डब्यातला गार्ड स्वतः ब्रेक लावून तो स्थानकात आणून उभा करायचा. १८५८ मध्ये सुरू झालेली ही पद्धत १९६० मध्ये संपली. आपल्याकडे आणि अमेरिकेत जे घडते ते उभ्या गाडीचे शंटिंग आहे, म्हणून या लेखात मी 'थेट डबा' असाच शब्द वापरला आहे.

तिकिटावरचा क्रमांक

ईगलचा क्रमांक शिकागोहून जाताना २१ आणि परत येताना २२ असतो. सनसेटचा पश्चिमेकडे जाताना १ आणि पूर्वेकडे येताना २ असतो. थेट डब्यांना मात्र स्वतंत्र क्रमांक दिलेले आहेत. शिकागोहून लॉस एंजेलिसकडे जाताना ४२१ आणि उलट येताना ४२२. ४२१ नावाची वेगळी गाडी फलाटावर कधीच उभी राहत नाही. तो केवळ २१ मधल्या त्या दोन डब्यांच्या आरक्षणाचा क्रमांक असतो. ही एक गोष्ट लक्षात आली की पुढचा बहुतेक गोंधळ टळतो. स्थानकाच्या फलकावर नुसता २१ दिसला म्हणून आपली गाडी रद्द झाली असे समजून धावपळ करणारे प्रवासी मी पाहिले आहेत. त्यांची गाडी समोरच उभी होती.

सनसेट तीनच दिवस धावत असल्यामुळे थेट डबेही रोज नसतात. आताच्या वेळापत्रकानुसार ते शिकागोहून मंगळवारी, शुक्रवारी आणि रविवारी निघतात. आरक्षण करताना पहिली पायरी हीच आहे की, आधी यातला वार निवडावा आणि मग निकालात गाडीचा क्रमांक वाचावा. एकच ओळ आणि तीत ४२१ असेल तर तो थेट डबा आहे. दोन गाड्या आणि मध्ये सॅन अँटोनिओला बदल असे दिसत असेल, तर तुम्ही २१ च्या साध्या डब्यात बसणार आहात. तेव्हा रात्री दहाला सामानासह उतरून, स्थानकात बसून, पावणेतीनला दुसऱ्या गाडीत नवी जागा शोधावी लागेल. दोन्ही तिकिटे शेवटी एकाच ठिकाणी पोहोचवतात, त्यामुळे घाईत हा फरक नजरेतून सुटतो. साठीच्या पुढच्या प्रवाशांसाठी तिकीट काढत असाल तर मी म्हणेन की दोन दिवस थांबावे, पण ४२१ चेच काढावे.

एक प्रत्यक्ष प्रवास

समजा, आईवडील इलिनॉयमधल्या ब्लूमिंग्टन-नॉर्मल इथे मुलीकडे आले आहेत आणि त्यांना ॲरिझोनातल्या टूसॉनला शिकणाऱ्या मुलाकडे जायचे आहे. शोधाच्या रकान्यांत `BNL` आणि `TUS` ही स्थानकांची लघुनामे टाकून त्यांनी रविवारचे ४२१ चे तिकीट काढले. गाडी रविवारी दुपारी चारच्या सुमारास ब्लूमिंग्टन-नॉर्मलला येते, सोमवारी दुपारच्या आत डॅलसला आणि रात्री दहाच्या सुमारास सॅन अँटोनिओला पोहोचते. मंगळवारी पहाटे पावणेतीनला त्यांचा डबा सनसेटबरोबर निघतो, दुपारी एल पासो येते आणि संध्याकाळी सातच्या आसपास टूसॉन. म्हणजे तिकिटावर एकच गाडी असली तरी डबा दुसऱ्या गाडीला लागण्याची रात्र ही प्रवासाची दुसरी रात्र आहे. घरच्यांना हे वेळेआधी सांगून ठेवावे, म्हणजे पहिल्या रात्री उगाच जागरण होत नाही.

मुलाने घेण्यासाठी येताना घड्याळाचाही विचार करावा. ॲरिझोनाचा बहुतेक भाग उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही. त्यामुळे टूसॉनचे घड्याळ शिकागोच्या मागे हिवाळ्यात एक तास आणि उन्हाळ्यात दोन तास असते. तिकिटावरची वेळ नेहमी त्या त्या स्थानकाची स्थानिक वेळ असते. गाडी कुठवर आली हे ॲपवर पाहताना ४२१ ची माहिती मिळाली नाही, तर सॅन अँटोनिओपर्यंत २१ आणि त्यानंतर १ हा क्रमांक शोधावा.

गाडीत चढताना

या मार्गावरचे डबे दुमजली असतात. दार खालच्या मजल्यावर असते, पण एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जायची वाट वरच्या मजल्यावर असते. म्हणून चुकीच्या डब्यात चढलात तर जड सामान घेऊन अरुंद, वळणाचा जिना चढा, पुढच्या डब्यात जा आणि पुन्हा जिना उतरा, अशी कसरत होते. गुडघे दुखणाऱ्यांनी फलाटावरच दोन मिनिटे जास्त घालवून आपल्या डब्याचे दार शोधलेले बरे.

झोपण्याच्या डब्याचे तिकीट असेल तर त्यावर डब्याचा आणि खोलीचा क्रमांक छापलेला असतो. तोच डबा क्रमांक दाराजवळच्या छोट्या पाटीवर दिसतो. इथे नवख्याची एक हमखास फसगत होते. डब्याच्या बाहेरच्या अंगावर ठळक रंगवलेला पाच आकडी क्रमांक असतो, पण तो त्या वाहनाचा कायमचा नोंदणी क्रमांक आहे. आपल्याकडे डब्यावर लिहिलेला लांब आकडा आणि एस-४ ची पाटी यांत जो फरक असतो, तोच इथेही आहे. तिकिटाशी जुळवायची ती दाराजवळची पाटी. गाडीत आपला डबा कितवा असेल हे मात्र गृहीत धरू नये, कारण गाडीची रचना बदलू शकते. गेल्या वर्षी शेवटून दुसरा होता म्हणून यंदाही तिथेच असेल असे नाही.

बसण्याच्या डब्याच्या तिकिटावर सहसा आसन क्रमांक नसतो. फलाटावरचा कर्मचारी तुमचे उतरण्याचे स्थानक विचारून अमुक डब्यात जा असे सांगतो. त्याने विचारल्यावर नुसते "सॅन अँटोनिओच्या पुढे" असे न सांगता "टूसॉन, चारशे एकवीस" असे स्पष्ट सांगावे. तिकीट तपासून झाल्यावर कंडक्टर तुमच्या आसनावर, सामानाच्या फळीच्या कडेला, एक चिठ्ठी अडकवतो. तिच्यावर उतरण्याच्या स्थानकाचे लघुनाम लिहिलेले असते. आपली चिठ्ठी `TUS` आहे का, हे वाचावे आणि मग आजूबाजूच्या आसनांवर नजर टाकावी. शेजारी `ELP`, `LAX` अशी नावे दिसत असतील तर डबा बरोबर आहे. ती म्हणजे एल पासो आणि लॉस एंजेलिस. उलट, सगळीकडे `DAL` आणि `SAS`, म्हणजे डॅलस आणि सॅन अँटोनिओच, दिसत असेल आणि पश्चिमेचा एकही प्रवासी नसेल, तर तुम्ही बहुधा ईगलच्या साध्या डब्यात बसला आहात. चिठ्ठी आसनाची आहे, माणसाची नाही. जागा बदलली तर ती स्वतः काढून नवीन जागी लावू नये, अटेंडंटला सांगावे.

अशी शंका आली तर रात्रीपर्यंत थांबू नये. सोमवारी दुपारी फोर्ट वर्थला गाडी बराच वेळ थांबते. तेव्हा अटेंडंटला एकच नेमका प्रश्न विचारावा: "हा डबा आज रात्री लॉस एंजेलिसच्या गाडीला लागणार आहे का?" "मी योग्य डब्यात आहे का?" असे विचारले तर उत्तर पुष्कळदा "हो" असेच येते, कारण सॅन अँटोनिओपर्यंत तुम्ही योग्यच असता. क्वचित एखाद्या फेरीला बसण्याचा थेट डबा लावलेला नसतो. तेव्हा ४२१ चे तिकीट असूनही बसून जाणाऱ्यांना सनसेटच्या डब्यात जावे लागते. हे दुपारीच कळले तर खालच्या मजल्यावरच्या रॅकमध्ये ठेवलेल्या मोठ्या बॅगा दिवसाउजेडी आवरून ठेवता येतात. मध्यरात्री झोपेत डबा बदलणारे लोक वरची पिशवी घेतात आणि खालची बॅग विसरतात.

सॅन अँटोनिओची रात्र

इथे काय घडते हे आधी माहीत असेल तर भीती वाटत नाही. ईगल येते, सॅन अँटोनिओचे प्रवासी उतरतात आणि थेट डबे आपल्या गाडीपासून सुटे केले जातात. सनसेट आली की इंजिनाने ते ढकलून किंवा ओढून तिला जोडतात, मग ब्रेकच्या हवेच्या नळ्या आणि विजेच्या केबली जोडून ब्रेकची चाचणी घेतात. जोडताना धक्का बसतो. वरच्या मजल्यावर उभे असाल तर हाताला धरायला काहीतरी असू द्यावे आणि टेबलावर गरम चहा ठेवू नये.

या काळात डब्यातली वीज जाते. अमेरिकेतल्या या डब्यांना दिवे, वातानुकूलन आणि सॉकेटसाठी लागणारी वीज इंजिनातून केबलीने मिळते. इंजिन सुटले की ती बंद होते आणि उरतात ते संकटकाळचे मंद दिवे. टेक्सासच्या उन्हाळ्यात डबा लवकर तापतो. शौचालये हवेच्या खेचीवर चालतात, त्यामुळे वीज नसताना फ्लश होत नाही. म्हणून सॅन अँटोनिओ येण्याआधीच उरकून घ्यावे. झोपेत श्वासाचे यंत्र लावणाऱ्यांनी बॅटरी बरोबर ठेवलीच पाहिजे, कारण वीज नेमकी किती वेळ जाईल हे कोणी खात्रीने सांगू शकत नाही. इन्सुलिन असेल तर ते गार राहील अशा पिशवीत असावे. फोन आधीच चार्ज करून ठेवावा.

भारतात थेट डबे का कमी झाले, याचे एक कारणही या विजेतच आहे. जुन्या आयसीएफ डब्यांत प्रत्येक डबा आपली वीज आपण तयार करायचा. चाकाच्या आसावरून पट्ट्याने फिरणारा अल्टरनेटर आणि डब्याखालच्या बॅटऱ्या असल्यामुळे दौंडला इंजिन सुटले तरी पंखे फिरत राहायचे. नव्या एलएचबी गाड्यांना वीज टोकाच्या जनरेटर डब्यातून किंवा इंजिनातून मिळते. तेव्हा मधले चार डबे काढून दुसऱ्या गाडीला लावायचे म्हटले की त्यांच्या विजेची सोय आधी पाहावी लागते. शिवाय दोन्ही प्रकारच्या डब्यांचे कपलिंग वेगळे असल्यामुळे ते एकमेकांना सरळ जोडताही येत नाहीत.

सॅन अँटोनिओला उतरून पाय मोकळे करता येतात का, असा प्रश्न नेहमी येतो. करता येतात, पण अटेंडंटला विचारून आणि तो सांगेल तेवढाच वेळ. शंटिंग सुरू झाले की दारे बंद होतात आणि डबा फलाटापासून लांब किंवा दुसऱ्या रुळावर जाऊ शकतो. परतल्यावर डबा जागेवर दिसला नाही तर घाबरून रूळ ओलांडू नये. स्थानकाच्या इमारतीत जाऊन ४२१ चे तिकीट दाखवावे. डबा तुम्हाला सोडून गावाबाहेर गेलेला नसतो, तो जोडणीसाठी हलवलेला असतो. उतरताना तिकीट असलेला फोन, पासपोर्ट आणि औषधे अंगावर ठेवावीत. गाडी परत दिसली की जागा नव्हे, तर दाराजवळचा क्रमांक शोधावा, कारण तोच डबा आता वेगळ्या गाडीत वेगळ्या ठिकाणी असतो.

जोडणी झाल्यानंतर आपली खोली किंवा आसन तेच राहते, पण बाकीचे शेजार बदलते. ईगलचा जेवणाचा डबा ईगलबरोबर मागेच राहतो. मंगळवारी सकाळी न्याहारीसाठी जाल तेव्हा काल ज्या दिशेला जेवायला गेला होता, तिकडे कदाचित वाटच नसेल. आता सनसेटचा जेवणाचा डबा वापरायचा असतो. शाकाहारी जेवणाची विनंती केली असेल तर ती इथे पुन्हा एकदा सांगावी.

उशीर ही या मार्गावरची नेहमीची बाब आहे. रूळ बहुतांशी मालगाड्या चालवणाऱ्या कंपन्यांचे आहेत आणि एकेरी मार्गावर मालगाडीसाठी थांबावे लागते. वेळापत्रकात सॅन अँटोनिओला ठेवलेले पावणेपाच तास ईगलचा उशीर बऱ्याच अंशी गिळून टाकतात. ईगल रात्री दहाऐवजी एकला आली तरी डबे जोडले जाऊ शकतात. सनसेटच उशिरा आली तर मात्र थेट डब्यांना तिची वाट पाहत उभे राहण्याशिवाय दुसरा मार्ग नसतो. दोन्ही परिस्थितींत एकाच आरक्षणातले तिकीट उपयोगी पडते, कारण पुढे पोहोचवण्याची जबाबदारी तेव्हा रेल्वेची असते. दोन सुटी तिकिटे काढली असतील तर चुकलेल्या गाडीचा वाद तुम्हालाच घालावा लागतो.

उलटा प्रवास जास्त जपून करावा

लॉस एंजेलिसहून शिकागोकडे येताना ४२२ चे डबे सनसेटला लागलेले असतात. ती बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी रात्री दहाच्या सुमारास निघते आणि दुसऱ्या रात्रीच्या अखेरीस, पहाटे पाचच्या सुमारास, सॅन अँटोनिओला येते. तिथून सनसेट साडेसहाच्या आत न्यू ऑर्लिन्सकडे निघते आणि ईगल सातच्या सुमारास शिकागोकडे. पश्चिमेकडे जाताना चुकीच्या डब्यात बसलेला माणूस फार तर सॅन अँटोनिओला उतरवला जातो, कारण ती गाडी तिथेच संपते. पूर्वेकडे येताना चुकीचा डबा थांबत नाही. शिकागोला जाणारा माणूस त्यात झोपलेला असेल तर तो दुपारच्या आधीच ह्यूस्टनला पोहोचतो. ह्यूस्टनला मराठी मंडळी बरीच आहेत, पण हा काही त्यांच्याकडे जाण्याचा मार्ग नव्हे.

म्हणून लॉस एंजेलिसला चढतानाच आसनावरच्या चिठ्ठ्या वाचाव्यात. आजूबाजूला `HOS` आणि `NOL`, म्हणजे ह्यूस्टन आणि न्यू ऑर्लिन्स, दिसत असतील तर लगेच विचारावे. `CHI`, `STL`, `DAL`, `AUS` दिसत असतील तर निश्चिंत बसावे. ऑस्टिन किंवा डॅलसला जाणाऱ्यांनाही ४२२ चाच डबा लागतो, तेव्हा "मला शिकागोपर्यंत जायचेच नाही" म्हणून दुसरीकडे बसू नये. जेवायला किंवा निसर्ग पाहायला दुसऱ्या डब्यात जाता येते, पण सॅन अँटोनिओच्या आदल्या रात्री झोपण्यापूर्वी आपल्या आसनावर परत यावे आणि पहाटे साडेचारचा गजर लावावा. वीज जाईल, डब्याला धक्का बसेल, आणि खिडकीतून शेजारच्या रुळावरून आपलीच वाटणारी गाडी पूर्वेकडे निघून जाताना दिसेल. ती सनसेट आहे. तुमचा डबा अजून उभा असेल तर सगळे बरोबर आहे.